बोलले काय आणि ठरले काय

भावाबहिणींची वाटणीची बोलणी तुम्ही कधी शेजारच्या खोलीत बसून ऐकली आहेत काय? ऐकली असतील तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. दोन तास बोलून मंडळी उठतात, चहा होतो, आणि प्रत्येक जण जाताना आपापल्या मनात एक निकाल घेऊन जातो. थोरल्याला वाटते, "चला, ठरलं एकदाचं." धाकट्याला वाटते, काहीच ठरले नाही. बहिणीला वाटते, आपले म्हणणे कोणी ऐकलेच नाही. बोलणे एकच झालेले असते. निकाल मात्र तीन.

पूर्वी याला काही इलाज नव्हता. आता बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवता येते. पण ध्वनिमुद्रण म्हणजे दोन तासांचा कल्लोळ. तो पुन्हा ऐकायला कोणाला सवड नसते, आणि ऐकलाच तर प्रत्येकाला त्यात आपलेच वाक्य ऐकू येते. म्हणून त्यावरून एक यादी करावी लागते: कोणत्या गोष्टी सर्वांना मान्य, कोणत्या वादाच्या. काम दिसायला कारकुनी आहे. मीही तसेच समजून ते अंगावर घेतले, आणि पहिल्याच मसुद्यात अशी चूक केली की ती खपून गेली असती तर एका बाईचे मोठे नुकसान झाले असते. ती चूक कशी झाली आणि अशी यादी कशी करावी, हे तुम्हांला त्या एका घराच्या उदाहरणाने सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. घरात ज्या नात्याने हाक मारतात त्याच नात्याने त्यांचा उल्लेख करतो.

घर तसे चारचौघांसारखे. वडील शिक्षक होते, २०२१ साली वारले. मृत्युपत्र केलेले नव्हते. मागे त्यांची पत्नी, म्हणजे आई, आणि तीन मुले: थोरले आण्णा, मधल्या ताई आणि धाकटे बाळासाहेब. आण्णा गावी राहून शेती पाहतात. ताईंचे लग्न १९९० साली झाले, त्या परजिल्ह्यात असतात. बाळासाहेब पुण्यात नोकरीला. मिळकत म्हणाल तर गावातला जुना वाडा, विहिरीखालची तीन एकर बागायत, माळावरची पाच एकर जिरायत आणि बँकेत थोडी ठेव. बागायत आजोबांची, ते १९५१ साली वारले आणि ती एकुलत्या मुलाकडे आली. जिरायत मात्र वडिलांनी १९८३ साली स्वतःच्या पगारातून घेतलेली. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२४ सालच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, तिघे ओसरीवर बसले. बाळासाहेब माझे जुने विद्यार्थी. त्यांनी मला आधी विचारले होते, "सर, यादी तुम्ही करून द्याल का?" मी दोन अटी घातल्या. पहिली, ध्वनिमुद्रण सर्वांना सांगून व्हावे आणि त्याची प्रत त्याच दिवशी तिघांच्याही फोनवर जावी. ज्याच्या एकट्याच्या खिशात मुद्रण राहते त्याच्यावर पुढे संशय येतो, आणि यादी करणाऱ्यावरही. दुसरी अट, सुरुवातीला प्रत्येकाने आपले नाव, तारीख आणि एक वाक्य बोलावे: "ही चर्चा तडजोडीसाठी आहे, उद्या कोर्टात गेलो तर हिचा पुरावा म्हणून उपयोग करायचा नाही." या वाक्याला कायद्यात आधार आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही, दिवाणी वादात पुरावा म्हणून वापरायची नाही अशा स्पष्ट अटीवर दिलेली कबुली पुराव्यात घेत नाहीत. शिवाय हे वाक्य एकदा बोलले की माणसे जरा मोकळेपणी बोलतात. नाव सांगायचा दुसराही उपयोग होतो. भावाभावांचे आवाज फोनवर इतके सारखे येतात की नंतर ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. सुरुवातीचे ते वाक्य नमुन्यादाखल परत परत ऐकता येते.

फोन त्यांनी पाटावर जाड टॉवेलची घडी घालून तीवर ठेवला. हे चांगले केले. उघड्या पाटावर ठेवला असता तर कपबशी आपटल्याचा आवाज माणसाच्या शब्दावर बसला असता. मुद्रण एक तास सत्तेचाळीस मिनिटांचे झाले.

आता ऐकण्याची रीत सांगतो. पहिल्यांदा सबंध ऐकावे आणि काहीही लिहू नये. हात शिवशिवतो, पण लिहू नये. माणूस पहिल्या दहा मिनिटांत ठामपणे जे बोलतो ते पुष्कळदा शेवटच्या दहा मिनिटांत मवाळ झालेले असते, आणि आधीच लिहून ठेवले की शेवटचे कानावर पडूनही मनावर उमटत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना एकेका विधानाला एकेक चिठ्ठी करावी: कोण बोलले, कितव्या मिनिटाला, आणि त्यांच्याच शब्दांत काय. तिसऱ्यांदा ऐकायचे ते चिठ्ठ्या समोर पसरून, फक्त एका प्रश्नासाठी: या विधानाला बाकीच्या दोघांनी काय उत्तर दिले?

हा तिसरा फेरा मी पहिल्या मसुद्याच्या वेळी केला नाही. मला वाटले, दोनदा ऐकले, पुरे झाले. आणि तिथेच घसरलो.

चौतिसाव्या मिनिटाला ताई म्हणाल्या, "मला काही नको. तुम्ही दोघं सुखात राहा." स्पष्ट शब्द, स्पष्ट आवाज. त्यावर आण्णा "हं" म्हणाले, बाळासाहेब काही बोलले नाहीत, आणि विषय वाड्याकडे वळला. मी मान्य मुद्द्यांत तिसरे कलम लिहिले: "ताईंना मिळकतीत हिस्सा नको." मसुदा पाठवायच्या आधल्या रात्री सहज पुन्हा ऐकत बसलो. एक तास एकविसाव्या मिनिटाला आईच्या औषधपाण्याचे बोलणे निघाले होते. आण्णा म्हणत होते, बघू, होईल काहीतरी. आणि ताई, आवाज न चढवता, म्हणाल्या, "आईचं कोण बघणार हे ठरल्याशिवाय मी कुठंही सही करणार नाही." सही कशावर? हक्कसोडपत्रावर, दुसरे काय! म्हणजे "मला काही नको" हे दान नव्हते, ती एका अटीवरची तयारी होती; आणि अट सत्तेचाळीस मिनिटांनी उच्चारली गेली. माझे तिसरे कलम खोटे होते. शब्द एकूण एक ताईंचे होते, तरी खोटे होते.

तुम्ही म्हणाल, यादीत चुकीचे लिहिले म्हणून हक्क थोडाच जातो? बरोबर आहे. नुसत्या तोंडच्या "नको"वर व्यवहार होत नाही. जमिनीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र लेखी करून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावे लागते. पण घरातला व्यवहार असा चालतो की एकदा "मान्य" या मथळ्याखाली एखादी गोष्ट बसली की पुढच्या बैठकीत तिच्यावर कोणी बोलत नाही, वकील त्यावरूनच मसुदा तयार करतो, आणि सहीच्या दिवशी बहिणीने हात आखडता घेतला तर सगळे म्हणतात, "आता का फिरलीस?" ती फिरलेली नसते. यादी करणाऱ्याने तिला फिरवलेली असते.

तेव्हा मान्य कशाला म्हणावे? मी यापुढे एक कडक नियम धरला. जे विधान प्रत्येकाने आपल्या तोंडाने, विनाअट, निदान एकदा म्हटले आहे किंवा विचारल्यावर स्पष्ट "हो" म्हटले आहे, तेवढेच मान्य. आपल्या भाषेत होकारासारखे दिसणारे शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच होकार नव्हेत. "हं" म्हणजे ऐकले. "बरं" म्हणजे पुढे बोला. "बघू" हे तर बहुतेक वेळा नाहीच असते, फक्त मोडता न घालता सांगितलेले. आणि सर्वांत फसवे म्हणजे "तुम्ही म्हणाल तसं". धाकटे भाऊ आणि बहिणी थोरल्यापुढे हे वाक्य आदराने म्हणतात. त्यात मत नसते, मान असतो. त्या पाऊणेदोन तासांत बाळासाहेबांनी ते पाच वेळा म्हटले, आणि पाचांपैकी तीन वेळा थोड्या वेळाने नेमके उलटे मत मांडले. मौनाचेही तसेच. ज्याला कोणी विरोध केला नाही ते मान्य झाले असे नव्हे. अशा गोष्टींसाठी मी वेगळा मथळा केला: "बोलले गेले, पण उत्तर आले नाही." पहिल्या मसुद्यात मान्य मुद्दे तेरा होते. हा नियम लावल्यावर सहा उरले.

सहांपैकी एकावर मी मुद्दाम थांबतो, कारण तिथे उलट प्रकारचा धोका होता. तिघांनीही, स्पष्ट शब्दांत, विनाअट म्हटले होते: "शेताचे वाटे सारखे व्हावेत." माझ्या नियमाप्रमाणे हे मान्यच. पण चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसले की प्रत्येकाचे "सारखे" निराळे. आण्णा एका ठिकाणी म्हणतात, "बागायत एकेक एकर, म्हणजे मिटलं". ते क्षेत्राने सारखे म्हणत होते, आणि त्या क्षणी तीन वाटे धरत होते. दुसऱ्या ठिकाणी तेच म्हणतात, "आम्हां दोघा भावांत". बाळासाहेबांचे सारखे किमतीने: "विहिरीखालची एक एकर आणि माळाची एक एकर सारखी कशी, आण्णा?" ताईंनी सारखे म्हणताना आईला मोजले होते, इतर दोघांनी मोजलेच नव्हते. म्हणजे शब्द मान्य, अर्थ वादाचा. असा मुद्दा मी दोन भागांत तोडला. मान्य मुद्द्यांत एवढेच: "शेताचे वाटे सारखे असावेत असे तिघेही म्हणाले." आणि लगेच वादाच्या मुद्द्यांत: "सारखे म्हणजे क्षेत्राने की किमतीने, आणि वाटे किती, याबद्दल एकमत दिसत नाही." 'घर' या शब्दाचेही तेच झाले. एकाच्या घरात परसू आणि गोठा होता, दुसऱ्याच्या घरात नव्हता. तुम्ही कधी अशी यादी केलीत तर सगळे ज्यावर चटकन हो म्हणतात तो शब्द आधी तपासा.

आता वादाचे मुद्दे. ते सगळे एकाच जातीचे नसतात, आणि एका ओळीत लिहिले तर भांडण आहे त्याहून मोठे दिसते. काही वाद कागद पाहिला की संपतात. जिरायत कोणत्या साली आणि कोणाच्या नावाने घेतली यावर दोघे भाऊ दहा मिनिटे हमरीतुमरीवर आले होते. खरेदीखताची नक्कल काढली की तो प्रश्न उरत नाही. वडिलांच्या मागे वारसनोंद कोणाकोणाची झाली हे फेरफारावरून कळते. (सातबारा मात्र महसुलाचा कागद आहे, त्यावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली आणि नसले म्हणजे बुडाली, असे नव्हे. गावाकडे हा गैरसमज फार.) अशा मुद्द्यांपुढे मी फक्त कोणता कागद पाहावा ते लिहिले. काही वाद इच्छेचे असतात: वाडा ठेवायचा की विकायचा. तिथे कोणताच कागद कामाचा नाही. दोन्ही बाजूंची कारणे त्यांच्या शब्दांत द्यावीत आणि गप्प बसावे.

तिसरी जात कायद्याच्या प्रश्नांची, आणि तटस्थ माणसाची खरी परीक्षा इथे होते. आण्णा म्हणाले होते, "ताईचं लग्न चौऱ्याण्णवच्या आधीचं. वडिलोपार्जित जमिनीत तिला हक्क नाही." ते हे लबाडीने म्हणत नव्हते. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने सहदायाद केले, पण ज्यांची लग्ने त्या दुरुस्तीच्या आधी झाली त्या मुलींना त्यातून वगळले होते. ही गोष्ट गावोगाव लोकांच्या डोक्यात पक्की बसली. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून मध्यवर्ती कायदाच बदलला, आणि त्यात लग्नाची अट नाही. त्यानंतरही वडील २००५ साली हयात हवे होते की नको यावर निरनिराळे निकाल येत राहिले. शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलीचा हा हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात असोत वा नसोत. अपवाद मुख्यतः २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर होऊन गेलेल्या वाटपाचा. या घरात असे वाटप झालेले नव्हते.

या मताच्या फरकाने किती फरक पडतो हे मला माझ्या वकील मित्राने कागदावर करून दाखवले, तेही तुम्हांला सांगतो. तीन एकर बागायत म्हणजे एकशेवीस गुंठे. आण्णांचे म्हणणे धरले तर वडिलांच्या मृत्यूच्या वेळी वडील, आई आणि दोन मुलगे असे चार वाटे कल्पायचे, प्रत्येकी तीस गुंठे. वडिलांच्या तीस गुंठ्यांचे पुन्हा आई आणि तीन मुले असे चार भाग. ताईंच्या वाट्याला साडेसात गुंठे. आजचा कायदा धरला तर पहिल्यांदा पाच वाटे कल्पायचे, कारण ताईही त्यांत आल्या. प्रत्येकी चोवीस गुंठे, आणि वडिलांच्या चोवीस गुंठ्यांतले सहा सहा. ताईंचे तीस गुंठे. साडेसात आणि तीस! जिरायत वडिलांची स्वकष्टार्जित, तिच्यात हा घोळ नाही. दोनशे गुंठ्यांत आई आणि तीन मुले यांचे पन्नास पन्नास गुंठे. म्हणजे "मुलीला नाही" हे म्हणणे त्या जमिनीपुरते कधीच खरे नव्हते, १९५६ च्या कायद्यापासून.

मग यादीत मी काय लिहावे? आण्णांना चूक ठरवले तर मी पंच झालो. यादीवरचा त्यांचा विश्वास गेला. दोन्ही म्हणणी शेजारी ठेवून "मतभेद आहे" एवढे लिहून सोडले तर दिसायला तटस्थ, पण ज्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे तो मी घासाघिशीला ठेवला असे झाले, आणि घासाघिशीत ताई अठरा-वीस गुंठ्यांवर राजी झाल्या असत्या. मी तिसरा मार्ग धरला. "वकिलाला विचारायचे" असा मथळा केला आणि त्याखाली लिहिले: "बागायतीत ताईंचा हिस्सा आहे काय आणि किती, याबद्दल थोरले व ताई यांची म्हणणी वेगळी आहेत. थोरल्यांच्या म्हणण्यास १९९४ च्या दुरुस्तीचा आधार सांगितला गेला. २००५ ची दुरुस्ती व २०२० चा निकाल पाहून वकिलाने उत्तर द्यावे. तोपर्यंत या मुद्द्यावर तडजोडीचे बोलणे करू नये." हिशोब मी यादीत घातला नाही. तो देणे माझे काम नव्हते. प्रश्न योग्य दारात नेऊन उभा करणे मात्र होते.

शब्दांविषयी थोडे. बाळासाहेब एका ठिकाणी म्हणाले होते, "विहिरीचं इंजिन, पाईप, सगळं बाबांच्या पैशानं झालं आणि आण्णा आता ते स्वतःच्या नावावर सांगतात." आण्णांचे उत्तर तितकेच झोंबणारे होते. मी लिहिले: "२०१४ साली विहिरीवर इंजिन व पाईप बसवण्याचा खर्च कोणाच्या पैशातून झाला, याबद्दल मतभेद आहे. थोरले म्हणाले, त्यांनी केला. धाकटे म्हणाले, वडिलांनी केला." पाहा, दोघांना एकच क्रियापद. एकाचे "म्हणाले" आणि दुसऱ्याचे "कबूल केले" किंवा "दावा केला" असे लिहिले की वाचणाऱ्याला निकाल कळला. दोन्ही वाक्ये लांबीनेही जवळजवळ सारखी ठेवली. हे हास्यास्पद वाटेल, पण दुखावलेला माणूस आपली ओळ आणि भावाची ओळ बोटाने मोजतो. मुद्द्यांचा क्रमही माणसांवरून लावू नये, मिळकतीवरून लावावा: आधी वाडा, मग बागायत, मग जिरायत, मग ठेव. नाहीतर थोरल्यांचे मुद्दे वर आणि बहिणीचे तळाला, हे आपल्या हातून नकळत होतेच.

इंजिनाच्या त्याच बोलण्यात एक आवाज असा आला की तो कोठे घालावा हे मला दोन दिवस सुचेना. एक तास दोन मिनिटांवर स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "माझ्या पाटल्या मोडल्या त्या इंजिनासाठी, ते कोणी सांगत नाही." ओसरीवर क्षणभर सामसूम, आणि मग बोलणे दुसरीकडे. वहिनी वारस नाहीत. चर्चेला बसलेल्या नाहीत. वाक्य गाळावे तर सबंध वादातली एकमेव तपासता येण्यासारखी गोष्ट गेली. थोरल्यांच्या नावावर घालावे तर ते त्यांनी म्हटलेले नाही. शेवटी लिहिले: "या वेळी वहिनींनी आतून सांगितले की खर्चासाठी त्यांच्या पाटल्या मोडल्या. यावर कोणी काही बोलले नाही. सराफाची पावती असल्यास पाहावी." पावती निघाली, तीही वहिनींच्या ट्रंकेत, २०१४ सालची. रक्कम सगळ्या खर्चाची नव्हती, निम्म्याच्या आसपास होती. त्यामुळे वाद संपला नाही, निम्म्यावर आला.

एक मुद्दा मी यादीबाहेर ठेवला: आईचे दागिने. त्यांच्यावर तिघे वीस मिनिटे बोलले होते. पण दागिने आईंचे स्त्रीधन, आणि आई हयात आहेत. ते वडिलांच्या मिळकतीत येतच नाहीत. तेवढी एक ओळ टिपेत लिहिली.

आणि डोक्यावर, मथळ्याच्या खाली, तीन वाक्ये घातली, ती तुम्हीही घालावीत: ही चर्चेची यादी आहे, वाटणीपत्र नव्हे. हिच्यावर कोणी सही करू नये. शब्दांबद्दल शंका आल्यास दिलेल्या मिनिटाला मुद्रण ऐकावे. सहीविषयी इतका आग्रह का, असे बाळासाहेबांनी विचारले. अहो, सह्या झालेला, "अमक्याला अमुक देण्याचे ठरले" असे म्हणणारा कागद नोंदणीशिवाय पडून राहिला की पुढे तो वाटणीपत्र होता की नुसते टिपण होते यावरच वेगळा वाद उभा राहतो. एका वादाची यादी करताना दुसऱ्याचे बी कशाला पेरा?

यादी तिघांना एकाच दिवशी पाठवली आणि आठ दिवस दिले. दुरुस्ती प्रत्येकाने आपल्या हाताने समासात करायची. मूळ मजकूर खोडायचा नाही. कोणी म्हणाले की "मी असे म्हटलेच नव्हते", तर मुद्रण ऐकायचे. पण कोणी म्हणाले की "म्हटले होते, आता तसे वाटत नाही", तर तेही लिहून घ्यायचे, तारीख घालून. माणसाला मत बदलायची मोकळीक असावी. फक्त बदलले हे दिसावे. ताईंनी चौतिसाव्या आणि एकशेएकविसाव्या मिनिटांची माझी नवी नोंद वाचली. ("बोललेले: मला काही नको. पुढे अट: आईच्या देखभालीचे ठरल्याशिवाय सही नाही.") तेथे मी एक तास एकवीसऐवजी चुकून एकशेएकवीस लिहून गेलो होतो, ती चूक त्यांनी सुधारली आणि खाली फक्त "बरोबर" लिहिले. आण्णांनी 'सारखे' या कलमासमोर लिहिले, "आधी मोजणी आणा." मोजणीचा अर्ज पुढच्याच आठवड्यात तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत गेला.

सर्वांत मोठी दुरुस्ती मात्र यादी न मिळालेल्या माणसाने केली. बाळासाहेबांनी ती आईंना वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, "यात मी कुठं आहे?" खरेच नव्हत्या. चर्चा भावाबहिणींची, म्हणून "उपस्थित" या ओळीत मी तीन नावे लिहिली होती आणि चौथा वारस माजघरात बसला होता हे माझ्याही ध्यानात राहिले नव्हते. मी शिरोभागी एक ओळ वाढवली: "आई याही वारस आहेत. त्या चर्चेत नव्हत्या. त्यांचे म्हणणे घेतलेले नाही. म्हणून खालील 'मान्य' मुद्दे तिघांपुरते समजावेत."

दुसरी बैठक संक्रांतीनंतर झाली. आई ओसरीवर खुर्ची घेऊन बसल्या, आणि नावे सांगायची वेळ आली तेव्हा फोनकडे वाकून त्यांनीच पहिले नाव सांगितले. ते मुद्रण दोन तास दहा मिनिटांचे आहे. त्याच्या चिठ्ठ्या अजून माझ्या टेबलावर पसरलेल्या आहेत, आणि तिसऱ्यांदा ऐकायचे बाकी आहे.